दुबईच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी हा हिशेब मांडा



चॅनलवर भांडवलाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, दोन वर्षं दुबईला जातो, पाच-सहा लाख साठवतो आणि परत येऊन स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड टाकतो. कसं वाटतं?" विचार वाईट नाही. कित्येकांनी असंच भांडवल उभं केलंय. पण माझं मत स्पष्ट आहे. तालुक्याच्या गावात बसलेला एजंट जो पगार सांगतो, त्या आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही. कॉन्ट्रॅक्ट हाही एक सौदाच आहे. मशीन घेताना आपण किंमत, चालवायचा खर्च आणि बिघडलं तर काय, हे बघतो ना? तसंच इथेही बघायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही वेल्डर आहात, शिक्षण नववी, काम वर्कशॉपमध्येच शिकलात. एजंट म्हणतो, "महिना 1,800 दिरहम, राहणं फ्री, ओव्हरटाइम भरपूर. एक लाख वीस हजार भरा, पुढच्या महिन्यात विमान." हिशेब सोपा व्हावा म्हणून दिरहम 23 रुपयांचा धरू. म्हणजे महिन्याला 41,400 रुपये आणि दोन वर्षांत जवळपास दहा लाख. डोळ्यांसमोर शेड उभं राहतं!

आता कॉन्ट्रॅक्टचा कागद उघडा. त्यात लिहिलंय बेसिक 900, जेवणाचा भत्ता 300. राहिलेले 600 कुठून येणार? ते ओव्हरटाइमचे, "पक्के" मिळणारे. इथेच पेन हातात घ्यायचं. 900 ला 30 दिवसांनी आणि 8 तासांनी भागलं की तासाचे 3.75 दिरहम होतात. युएईच्या कायद्यात साध्या ओव्हरटाइमला बेसिकच्या दरावर 25 टक्के जास्त मिळतात, म्हणजे तासाला 4.69. मग 600 दिरहम मिळवायला महिन्याला 128 तास जादा काम लागेल. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोज आठ तासांवर आणखी पाच तास. पण त्याच कायद्यात रोजचा ओव्हरटाइम साधारणपणे दोन तासांच्या वर घेता येत नाही. दोन तासांनी महिन्याचे 52 तास होतात, पैसे सुमारे 244. म्हणजे 1,800 हा आकडा एजंटच्या तोंडात आहे, कायद्यात बसतच नाही. ओव्हरटाइम देणं कंपनीच्या मर्जीवर असतं, त्यामुळे खात्रीचा पगार धरायचा तो 1,200.

बेसिक इतकं महत्त्वाचं का, हेही समजून घ्या. ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांचं बेसिक. म्हणून एकूण पगार तोच ठेवून बेसिक कमी आणि भत्ते जास्त दाखवले, तर नुकसान तुमचंच. एजंटला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: "बेसिक किती?" उत्तर गोलमोल आलं तर तिथेच थांबा.

पुढची गोष्ट कापाकापीची. कागदात "व्हिसा खर्च दरमहा 200 प्रमाणे सहा महिने वसूल" असं एखादं वाक्य शेवटी बारीक अक्षरात असतं. युएईच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गाने घेता येत नाही. असं कलम दिसलं की ते काढून घ्या. काढत नसतील तर ती कंपनी पुढे कशी वागेल हे तिने आधीच सांगितलंय. जेवणाचंही बघा. 300 भत्ता मिळणार की कंपनीचं मेस मिळणार? दोन्हींची बोलणी तोंडी होतात आणि तिकडे गेल्यावर मेसचे पैसे पगारातून कापले जातात. दोन्हींपैकी काय मिळणार ते एका ओळीत लिहून घ्या.

आता उरतात किती ते बघू. 1,200 मधून जेवणाला 400 आणि मोबाईल, साबण, किरकोळ मिळून 100 धरले तर 700 दिरहम राहतात, म्हणजे 16,100 रुपये. एजंटचे 1,20,000 तुम्ही सावकाराकडून शेकडा तीनने आणले असतील, तर पहिल्या महिन्याचं व्याजच 3,600. उरलेला सगळा पैसा कर्जाला लावला तरी ते नवव्या महिन्यात फिटतं आणि व्याजापोटी सुमारे 18,000 जातात. तोवर घरी एक रुपया पाठवता येत नाही. दोन वर्षांनी हातात राहतात साधारण 2,48,000 आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे 29,000. दहा लाखांचं स्वप्न पावणेतीन लाखांवर आलं.

आणि हे सगळं सुरळीत चाललं तर! कंपनी सहा महिन्यांपर्यंत प्रोबेशन ठेवू शकते, आणि त्या काळात 14 दिवसांची नोटीस देऊन काढू शकते. सहाव्या महिन्याच्या शेवटी काढलं, तर तुमच्यावर अजून 39,000 चं कर्ज आहे आणि हातात काहीच नाही. म्हणून मी म्हणतो, या सौद्यातला सगळ्यात मोठा धोका पगारात नाही, तो त्या एक लाख वीस हजारांत आहे.

ते एक लाख वीस हजार मुळात कायदेशीर आहेत का? नाहीत. सरकारकडे नोंदणी असलेला भरती एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे 35,400. त्याची पावती द्यावी लागते. हेच पैसे घरच्या बचतीतून भरले, तर वरच्याच पगारात दोन वर्षांनी ग्रॅच्युइटी सोडून साडेतीन लाख उरतात. पगार एका दिरहमनेही वाढला नाही, तरी एक लाखाचा फरक पडला.

एजंट खरा की खोटा हे तपासायला emigrate.gov.in हे परराष्ट्र मंत्रालयाचं पोर्टल आहे. त्यावर नोंदणीकृत एजंटांची यादी मिळते. पण नुसतं नाव यादीत दिसलं म्हणून खूश होऊ नका. गावातला माणूस बऱ्याचदा मुंबईच्या कुठल्यातरी ऑफिसच्या लायसन्सची झेरॉक्स दाखवतो आणि पैसे स्वतःच्या खात्यात घेतो. तुम्ही तीन नावं जुळवा: लायसन्सवरचं, पावतीवरचं आणि ज्या बँक खात्यात पैसे जातात ते. तिन्ही एकच असली तर पुढे चला. रोख मागितले, पावती नाही म्हणाला, तर चहा प्या आणि उठा. जाता जाता एक सांगतो. काही जणांना असे एजंट "माणूस आणा, डोक्यामागे कमिशन घ्या" असा जोडधंदा सुचवतात. 1983 च्या एमिग्रेशन कायद्यात नोंदणीशिवाय भरती करणं गुन्हा आहे. हा धंदा करू नका.

आता क्लिअरन्स. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर अशी नोंद असते. आपल्या उदाहरणातल्या वेल्डरची ती आहे. असा पासपोर्ट असेल तर युएईसह ठरावीक 18 देशांत नोकरीला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुंबईत त्यांचं ऑफिस आहे. कंपनीची मागणी, एजंटचं नाव आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर चढतं, मग मंजुरी मिळते. सोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा 10 लाखांचा विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी 275 रुपये आहे. एजंट "विम्याचे पाच हजार" म्हणाला तर आता तुम्हाला उत्तर माहीत आहे.

"क्लिअरन्सला वेळ लागतो, व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे बेकायदेशीर आहे. पगार बुडाला तरी दाखवायला कॉन्ट्रॅक्ट नाही, आणि विमाही नाही. क्लिअरन्स तुम्हाला अडवायला नाही. तुमचा पगार सरकारदरबारी लिहिलेला असावा म्हणून आहे. ज्यांनी दहावी केलीय त्यांना क्लिअरन्स लागत नाही. पण याचा अर्थ तुमचा कागद कोणी सरकारी माणूस बघणार नाही, म्हणून तुम्ही तो दुप्पट बारकाईने बघा.

युएईच्या कामगार मंत्रालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं ऑफर लेटर असतं. ते हिंदीतही मिळतं. विमानात बसण्याआधी ते मागा, वाचा आणि त्याचा फोटो घरी ठेवून जा. तिकडे पोचल्यावर कमी पगाराचा दुसरा कागद सहीला पुढे आला, तर हाच फोटो तुमच्या कामाला येतो.

शेवटचा मुद्दा परतीच्या तिकिटाचा. "तिकीट कंपनीचं" एवढंच लिहून भागत नाही. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर कोण देणार? कंपनीने प्रोबेशनमध्ये काढलं तर? आजारी पडून यावं लागलं तर? युएईत नोकरी संपल्यावर परत पाठवायचा खर्च सर्वसाधारणपणे मालकाचा असतो, पण तुम्ही स्वतःहून किंवा स्वतःच्या चुकीने नोकरी सोडलीत तर तो तुमच्यावर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक प्रसंग वेगळा लिहून घ्या. आणि परतीच्या एका तिकिटाएवढे पैसे घरी बाजूला ठेवूनच निघा, ते शेडच्या भांडवलात मोजू नका. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं तिकडेही बेकायदेशीर आहे, हे लक्षात असू द्या. अडचण आली तर प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा टोल फ्री नंबर 1800 11 3090 आहे. तो घरच्यांच्या मोबाईलमध्येही सेव्ह करून द्या.

आता एका कागदावर दोनच आकडे लिहा. दुबईत सगळा खर्च जाऊन महिन्याला खात्रीने किती उरतील, आणि इथे त्याच कामात आज किती उरतात. आपल्या वेल्डरचे तिकडे 16,100 उरतात. इथे राहून ओव्हरटाइमसह महिन्याला आठ-नऊ हजार उरत असतील आणि एजंट 35,400 मध्ये काम करत असेल, तर जायला हरकत नाही. पण एक लाख वीस हजार मागत असेल, तर ते कर्ज काढून दुबईला जाण्यापेक्षा त्याच रकमेत एक चांगलं वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर येतं, आणि त्यातून कामाला सुरुवात होते. माझं मत तरी त्या मशीनच्या बाजूने आहे.

तुमच्याकडे ऑफर लेटर आलं असेल तर नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून बेसिक, भत्ते आणि कापाकापीचे आकडे कमेंटमध्ये टाका. हिशेब आपण मिळून मांडू.