एका वेळी एकच दार!

दोस्तांनो, क्वार्ट्झ घड्याळात गारगोटीच्या जातीचा एक चिमुकला स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. काटा मात्र सेकंदाला एकदाच पुढे सरकायला हवा. मग काय करायचं? ३२,७६८ला दोनाने भागा, उत्तराला पुन्हा दोनाने भागा, असं १५ वेळा केलं की बरोबर १ उरतो. करून बघा!

दोनाने भागणं विजेला कसं जमतं? युक्ती सोपी आहे. दर ठोक्याला उलटणारी एक तार हवी. पहिल्या ठोक्याला ती ० ची १ होते, दुसऱ्याला १ ची ०. दोन ठोक्यांत तिचा एक फेरा होतो, म्हणजे ठोके निम्मे झाले.

आता लॅच नावाच्या छोट्या सर्किटची ओळख करून घेऊ. लॅच म्हणजे एक दार असलेली खोली समजा. ठोक्याची तार १ असेपर्यंत दार उघडं. आत येईल ते तसंच बाहेर दिसतं. तार ० झाली की दार बंद. शेवटी आत आलेलं तेवढं लक्षात राहतं. आपल्याला उलटवायचं आहे ना? मग बाहेर आलेलं उलटं करून पुन्हा आतल्या तारेला जोडू. झालं काम?

छे! इथेच घोटाळा होतो. घड्याळात ठोक्याची तार एका वेळी सुमारे १५ मायक्रोसेकंद १ राहते. (एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक म्हणजे मायक्रोसेकंद.) तेवढा वेळ दार सताड उघडं! बाहेरचं उलटं होऊन परत आत यायला समजा ०.१ मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे दार बंद होईपर्यंत ते तब्बल १५० वेळा उलटेल. शेवटी ० उरेल की १, हे नशिबावर!

यावर उपाय म्हणजे एकापुढे एक दोन खोल्या, आणि त्यांची दारं कधीच एकदम उघडी नाहीत. पहिल्या खोलीला मास्टर म्हणतात, दुसरीला स्लेव्ह. ठोका ० असताना मास्टरचं दार उघडं, १ असताना स्लेव्हचं. दोघांची मिळून जी जोडी होते, ती 'डी फ्लिप-फ्लॉप'.

आता सावकाश बघा हं. बाहेर ० आहे, म्हणून मास्टरच्या दाराशी उलटा, म्हणजे १ आला आहे. ठोका ० आहे तोवर मास्टरने तो १ आत घेतला. स्लेव्हचं दार बंद, म्हणून बाहेर अजून ०च. ठोका ० चा १ झाला, की मास्टरचं दार बंद आणि स्लेव्हचं उघडं. बाहेर १ आला! त्याचा उलटा ० धावत मास्टरच्या दाराशी जातो, पण दार तर बंद. बसा वाट बघत! ठोका पुन्हा ० झाला की स्लेव्ह १ धरून बसतो आणि मास्टर तो ० आत घेतो. बाहेर काहीच बदलत नाही. पुढचा ठोका चढला की बाहेर ०.

गंमत कळली का? स्लेव्हचं दार तर अख्खा वेळ उघडं होतं. पण त्याला जे मिळतं ते बंद मास्टरकडून, मग बदलणार काय? म्हणून ठोका किती वेळ १ राहिला याला महत्त्व उरत नाही. तो ० चा १ झाला, तो क्षण तेवढा मोजला जातो. या क्षणाला 'एज', म्हणजे कड, म्हणतात.

४०१३ नावाच्या आयसीत असे दोन फ्लिप-फ्लॉप असतात. त्याला एलईडी जोडून बटणाने ठोका दिला, तर एका दाबण्याला दिवा लागावा, दुसऱ्याला विझावा. पण कधीकधी तो दाबूनही होता तसाच राहतो. आयसी बिघडला का? नाही! बटणातला पत्रा चिकटण्याआधी काही मिलिसेकंद टणाटण उडतो, आणि प्रत्येक उडी म्हणजे एक कड. दोन कडा आल्या की दिवा लागून लगेच विझतो.

ठोक्याला कपॅसिटर लावला तर उड्या लपतात, पण ठोका हळूहळू चढू लागतो. मग मधल्या काळात दोन्ही दारं अर्धवट उघडी राहतात, आणि आतलं थेट बाहेर निसटतं. म्हणून कपॅसिटरपुढे श्मिट ट्रिगर हे गेट लावतात. ते ठोक्याला झटक्यात चढवतं.

जाता जाता एक कोडं : घड्याळात १५ ऐवजी १४च जोड्या बसवल्या, तर एका तासात सेकंदकाट्याचे फेरे किती होतील?