पाटीवरचे नाव आणि नोंदणीचा कायदा

‘नोगा’ म्हणजे नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन. नाव वाचून कोणालाही ती संत्रा बागायतदारांची संस्था वाटेल. प्रत्यक्षात नोगाची मालकी महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आहे, आणि हे महामंडळ ही सरकारी कंपनी आहे. विदर्भातल्या गावांतून दूध घेणारी मदर डेअरीही अनेकांना सहकारी वाटते. ती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मालकीची कंपनी आहे. कर्जप्रकरणे आणि लेखे तपासणाऱ्या आपल्या वाचकांनी म्हणूनच नावावर किंवा कामाच्या स्वरूपावर विसंबू नये. व्यवसायाची नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली, एवढाच प्रश्न निर्णायक आहे.

खरी गल्लत शेतकरी उत्पादक कंपनीबाबत होते. सभासद शेतकरी, भाग कितीही असले तरी प्रत्येक व्यक्ती-सभासदाला एकच मत, शेवटी ‘लिमिटेड’: सगळे सहकारी संस्थेसारखेच. मग कारभार लोकशाही पद्धतीचा असताना कागदावरच्या फरकाने काय बिघडते, असे विचारले जाते. बिघडते ते तारणात. समजा, कळमना बाजारात माल आणणाऱ्या अशा कंपनीला गोदामातील मालावर कर्ज दिले आणि फाइलवर ‘सहकारी संस्था’ असा शेरा मारला. कंपनीच्या मालमत्तेवरील बोजा साधारणपणे 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. सहकारी संस्था समजून ते राहून गेले, तर कंपनी बुडाल्यावर परिसमापक तो बोजा विचारातच घेणार नाही; कर्ज उरेल, तारण जाईल.

‘जीएसटीच्या संकेतस्थळावर सगळे दिसते’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. जीएसटी क्रमांकाचे सहावे अक्षर म्हणजे पॅनचे चौथे अक्षर. ते C असेल तर कंपनीचा भक्कम संकेत मिळतो. A असेल तर मात्र ती सहकारी संस्थाच आहे असे नाही, कारण व्यक्तींच्या इतर संघांनाही तेच अक्षर मिळते. म्हणून पहिली नजर बिलावर टाकावी. कंपनीला आपल्या बिलावर आणि पत्रावर 21 अक्षरांचा CIN छापावा लागतो, आणि तो कंपनी मंत्रालयाच्या नोंदीत पडताळता येतो. उत्पादक कंपनीच्या CIN मध्येही खासगी कंपनीसारखी PTC हीच अक्षरे असू शकतात, म्हणून तिची ओळख नावातल्या ‘प्रोड्यूसर कंपनी’ या शब्दांवरून पटवावी. CIN नसेल तर नोंदणी प्रमाणपत्र मागावे. त्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चा उल्लेख असेल, तर निबंधकाच्या कार्यालयात क्रमांक ताडून पाहावा. तिथे नोंद सापडली नाही म्हणून संस्था बनावट ठरवण्याची घाई मात्र नको: बहुराज्य सहकारी संस्थांची नोंदणी 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली होते आणि ती केंद्रीय निबंधकाकडे असते.