पाडवा ते पाडवा, पण पिकाचं काय?

जमीन खंडाने देण्याचा व्यवहार आपल्याकडे बहुधा पाडवा ते पाडवा असा तोंडी ठरतो. कापूस, सोयाबीन, हरभरा या मुदतीत बसतात. आडसाली ऊस मात्र जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि पंधरा-अठरा महिने रानात उभा राहतो. पाडव्याला मालक जमीन मागतो तेव्हा ऊस जेमतेम अर्धा झालेला असतो. तिथे मुदत ‘ऊस तुटून पाचट निघेपर्यंत’ अशी लिहावी आणि खोडवा कोणाचा, हेही तेव्हाच ठरवावं.

रोख खंडात पाऊस हुकल्याचा सगळा भार कसणाऱ्यावर पडतो, बटईत तो वाटला जातो. म्हणून विहीर मार्चमध्ये तळ गाठणार असेल, तर बागायतीच्या दराने वर्षाचा खंड आगाऊ घेणं अन्याय आहे. खरिपाचा खंड आधी घ्यावा, उन्हाळी पिकाचा पाणी पाहून. मोटार जळाली तर खर्च कोणी करायचा, हेही बोलून घ्यावं.

परत देताना पऱ्हाटी उपटलेली, बांध शाबूत आणि ठिबकच्या नळ्या मोजून दिलेल्या असाव्यात. सुरुवातीलाच फोटो काढले की वाद टळतो.

कागदाला मालक बिचकतो तो 1948च्या कूळ कायद्यामुळे. ही भीती निराधार नाही. पण सातबाऱ्यावर कसणाऱ्याचं नाव नसल्याने गारपिटीची भरपाई मालकाच्या खात्यात जाते आणि राबणारा कोरडा राहतो. मालकी अबाधित ठेवून मुदतीचा करार नोंदवण्याची सोय सरकारने आता कायद्यातच केली पाहिजे.