इंग्रजीच्या पेपरआधीची झोप

बारावीच्या परीक्षेची सुरुवात बहुधा इंग्रजीच्या पेपरने होते आणि तो सकाळी ११ वाजता असतो. रात्री दीडला झोपून सकाळी ९ ला उठणाऱ्या मुलाचा मेंदू तेव्हा पुरता जागा झालेला नसतो. फक्त आदल्या रात्री लवकर आडवे होऊन उपयोग नाही. शरीराचे घड्याळ एका रात्रीत बदलत नाही आणि मूल कूस बदलत राहते.

त्यासाठी आठवडा हाताशी हवा. उठण्याची व झोपण्याची वेळ रोज अर्ध्या तासाने अलीकडे आणावी, उठताच उजेडात यावे. सहा दिवसांत रात्री साडेदहा ते सकाळी ६ अशी झोप बसू शकते. उताऱ्यावरचे प्रश्न आणि सारांश यांचा सराव सकाळी ११ लाच करावा. पत्राचे नमुने संध्याकाळी चाळावेत.

आदल्या दिवशी नवा निबंध पाठ करू नये. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. कॅफीनचा जवळपास निम्मा अंश पाच तासांनीही शरीरात उरतो. पेपरच्या सकाळी उपाशी किंवा तळलेले खाऊन निघू नये, पोहे पुरेत. सरावात एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागत असेल, तर आधी झोप मोजावी, मग अभ्यास.