‘असल्यास’ कशाला?

डबे पुरवणाऱ्या एका भगिनीने आपल्या माफीपत्रकाचा मसुदा पाहायला पाठवला आहे. त्यांचा मसालेभात खाऊन एका घरी तिघांना उलट्या झाल्या. त्या लिहितात, “कोणास त्रास झाला असल्यास दिलगीर आहोत. आमच्याकडे स्वच्छता काटेकोर पाळली जाते.”

अहो, त्रास झालाय ना? मग ‘असल्यास’ कशाला? स्वच्छतेची ग्वाहीही इथे कामाची नाही. भात सकाळी १० ला शिजला, ओट्यावरच राहिला, रात्री ८ ला गरम करून दिला, असं तुम्हीच कळवलंय. कोमट भातात जंतू वाढून होणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. दोन तासांत उलट्या झाल्या, त्याच्याशी हे जुळतं. तरी उरलेला भात तपासल्याखेरीज ‘भातामुळेच’ असं मात्र छापू नका.

एवढंच लिहा: “शनिवारी रात्री आमचा मसालेभात खाल्लेल्या तिघांना उलट्या झाल्या. तो भात १० तास बाहेर राहिला होता, ही आमची चूक. त्यातला उरलेला कोणी खाऊ नये. त्रास झाल्यास डॉक्टरांकडे जावे, आम्हांला कळवावे. खर्च आम्ही देऊ. यापुढे रात्रीचा भात संध्याकाळीच शिजवू.”

खाली सही तुमच्या नावाची करा. ‘व्यवस्थापन’ नको.