विश्लेषण : बेरीज जुळली, तरी मोबदला भलत्याच नावावर? स्कॅन केलेल्या मराठी तक्त्यांत नेमके काय बिघडते?

भूसंपादनाच्या याद्या, राजपत्रातील परिशिष्टे, ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवह्या असे मराठीतील लाखो कागद आज स्कॅन होऊन संगणकावर आहेत. त्यांतला मजकूर काढून तो शोधता येईल अशी सोय करण्याची कामेही जागोजागी सुरू आहेत. अशा कामात अक्षरे किती अचूक वाचली गेली, याचीच चर्चा होते. तक्त्यातली आडवी ओळ शाबूत राहिली का, हा प्रश्न मात्र सहसा विचारलाच जात नाही.

ओळ तुटली तर बिघडते काय?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम ११ नुसार प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन दैनिकांत आणि शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी लागते. तिच्यासोबतच्या किंवा पुढे निवाड्याला जोडलेल्या यादीत अनुक्रमांक, गट क्रमांक, खातेदाराचे नाव, क्षेत्र आणि रक्कम असे रकाने असतात. गावातला माणूस ही यादी वाचतो ती आडवी. आपले नाव, आपला गट, आपले पैसे. यातले नाव बरोबर, गट बरोबर, रक्कमही अंकाने बरोबर, पण ती शेजारच्याची, असे झाले तर प्रत्येक अक्षर अचूक असूनही माहिती खोटी ठरते. ‘अक्षर-अचूकता ९८ टक्के’ असा दावा असणाऱ्या कामातही हे घडू शकते, कारण त्या मोजणीत ओळीला स्थानच नाही.

शिवाय ९८ टक्के हा आकडाही वाटतो तितका दिलासादायक नाही. एका ओळीत ६० अक्षरे धरली आणि चुका सगळीकडे सारख्या विखुरल्या आहेत असे मानले, तर एकही चूक नसलेल्या ओळी जेमतेम ३० टक्के निघतात. प्रत्यक्षात चुका पुसट पानांवर गोळा होतात, त्यामुळे चित्र याहून बरे असते. तरीही निविदेत अक्षरांऐवजी ओळींची अचूकता मागायला हवी, एवढे या हिशेबातून दिसते.

चार ओळींचे उदाहरण काय सांगते?

यादीतील चार नोंदी कल्पनेने घेऊ. दर आरला १२ हजार रुपये. अनुक्रमांक १४, गट ११२/१, क्षेत्र १८ आर, रक्कम २,१६,०००. अनुक्रमांक १५, गट ११२/२, क्षेत्र ४५ आर, रक्कम ५,४०,०००. अनुक्रमांक १६, गट ११३, क्षेत्र ७ आर, रक्कम ८४,०००. अनुक्रमांक १७, गट ११५, क्षेत्र ३० आर, रक्कम ३,६०,०००. पानाची बेरीज बरोबर एक हेक्टर आणि १२ लाख रुपये.

यात गट ११२/२ चा खातेदार मयत आहे आणि त्याच्या चार वारसांची नावे एकाच चौकटीत एकाखाली एक छापली आहेत. म्हणजे नावाच्या रकान्यात सात ओळी झाल्या आणि क्षेत्र व रकमेच्या रकान्यांत चारच आकडे राहिले. अक्षरओळख करणारा प्रोग्राम पान स्वतःच्या अंदाजाने विभागतो तेव्हा तो अनेकदा प्रत्येक रकाना वर्तमानपत्राच्या स्तंभासारखा वरून खाली वाचतो. मग पुढच्या टप्प्यात कोणी हे रकाने नुसते शेजारी ठेवून पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा असे जोडले, की पहिल्या वारसाला ५,४०,००० मिळतात, दुसऱ्या वारसासमोर गट ११३ चे ८४,००० येतात, तिसऱ्यासमोर गट ११५ चे ३,६०,०००. चौथा वारस आणि गट ११३ व ११५ चे खरे खातेदार यांच्यापुढे कोरी जागा राहते.

आता पानाची बेरीज करून पाहावी. क्षेत्र एक हेक्टर, रक्कम १२ लाख. तंतोतंत जुळते! क्षेत्र गुणिले दर हेही जुळते, कारण दोन्ही आकडे जोडीनेच सरकले आहेत. इथे चूक पकडणारी खूण एकच, ती म्हणजे सात नावे आणि चार आकडे. वरची बेरीज ‘तपासणी’ म्हणून दाखवली जाते तेव्हा ती आकडे वाचण्यातली चूक पकडते, जागा बदलल्याची नाही. बहुतेक कामांत तपासणी या बेरजेपाशीच थांबते, ही खरी अडचण आहे.

पान तिरके असेल तर?

इथे वेगळाच प्रकार होतो. ३०० डीपीआयने स्कॅन केलेल्या ए-४ पानावर छापील ओळींमधले अंतर साधारण ५५ ते ६० पिक्सेल असते. पान फक्त एक अंशाने तिरके असेल तर डावीकडून २,००० पिक्सेलवर असलेला रकमेचा रकाना सुमारे ३५ पिक्सेलने वर किंवा खाली जातो. म्हणजे अर्ध्या ओळीहून जास्त. जवळची उंची पाहून शब्द ओळीत बसवणाऱ्या प्रोग्रामला मग रक्कम शेजारच्या ओळीची वाटते. क्षेत्राचा रकाना १,३०० पिक्सेलवर असेल तर तो २३ पिक्सेलच हलतो आणि आपल्या ओळीत टिकतो. अशा वेळी ४५ आर गुणिले १२ हजार बरोबर ५,४०,००० यायला हवेत आणि समोर २,१६,००० दिसतात. इथे गुणाकाराची तपासणी लगेच ओरडते. म्हणून दोन्ही तपासण्या लागतात, एकीवर भागत नाही.

देवनागरीची वेगळी अडचण कोणती?

शिरोरेषा. तक्त्याच्या रेघा ओळखून काढून टाकायच्या, म्हणजे अक्षरे स्वच्छ वाचता येतील, ही नेहमीची रीत आहे. इंग्रजी पानावर ती निर्धास्तपणे चालते. मराठी पानावर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघच असते. ‘अमुक लांबीपेक्षा मोठी आडवी रेघ पुसा’ असे सांगताना ती लांबी शंभर पिक्सेल ठेवली, तर ‘खातेदाराचे’सारख्या शब्दाची शिरोरेषाही रेघेबरोबर जाते आणि उरलेले तुकडे काहीही वाचले जातात. ही मर्यादा सर्वांत लांब शब्दापेक्षा बरीच मोठी, पानाच्या रुंदीच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे ६०० पिक्सेलच्या आसपास ठेवली की तक्त्याच्या रेघा सापडतात आणि अक्षरे वाचतात. पान सरळ करणे मात्र त्याआधी हवे, कारण तिरकी रेघ या गाळणीतून तुकड्यातुकड्याने निसटते.

दुसरी अडचण आकड्यांची. पुसट छपाईत १ आणि ९, तसेच २ आणि र यांची अदलाबदल होते. गट क्रमांकात १ चा ९ झाला तर बेरजेला पत्ताही लागत नाही, कारण गट क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही. त्यासाठी गावाच्या गटांची यादी हाताशी ठेवून प्रत्येक क्रमांक तिच्यात आहे का, ते पाहावे लागते. क्षेत्र तर ‘०.४५.००’ असे हेक्टर, आर आणि चौरस मीटर या क्रमाने, दोन टिंबे देऊन लिहिलेले असते. ते साधा दशांश अपूर्णांक म्हणून वाचायला दिले की प्रोग्राम एकतर अडतो किंवा शेवटचा भाग गाळतो. तिन्ही भाग वेगळे करून आरमध्ये आणणे हाच सरळ मार्ग.

मग काढायचे कसे?

पान आधी सरळ करावे, रेघांवरून चौकटी ठरवाव्यात, प्रत्येक चौकट स्वतंत्र वाचावी आणि चौकटीत कितीही ओळी असल्या तरी ती एकच नोंद मानावी. वारसांची चार नावे मग आपोआप एका ओळीत येतात. टेसरॅक्ट या मुक्त प्रोग्रामला मराठी येते. पूर्ण पानाची पहिली चाचणी अशी घेता येते.

```
tesseract pan07.png pan07 -l mar --psm 6 tsv
```

यातला `tsv` महत्त्वाचा. त्यामुळे नुसता मजकूर न मिळता प्रत्येक शब्दाची पानावरील जागा (`left`, `top`, `width`, `height`) आणि प्रोग्रामचा भरवसा (`conf`) मिळतो. जागा फेकून दिली तर ओळ पुन्हा जुळवता येत नाही आणि चूक झाली हेही नंतर सिद्ध करता येत नाही. पानाला रेघाच नसतील तर अनुक्रमांकाचा आधार घ्यावा. एका अनुक्रमांकापासून पुढच्या अनुक्रमांकापर्यंतचा पट्टा ही एक नोंद. नोंद पान उलटून पुढे गेली तर नव्या पानाची पहिली ओळ अनुक्रमांकाविना सुरू होते. ती मागच्या नोंदीला जोडावी आणि माणसाकडून पाहून घ्यावी.

पीडीएफमध्ये मजकूर आधीच असेल तर ही सगळी खटपट टळते, असे नाही. जुन्या श्रीलिपी किंवा आयएसएमच्या काळातील फाँटमध्ये केलेल्या फायलींतून मराठीऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ बाहेर पडतो. दिसायला पान सुरेख, शोधायला गेले तर शून्य!

शोधसूचीत नोंद जाते तेव्हा?

मोठा मजकूर शोधसूचीत घालताना तो ठरावीक लांबीच्या तुकड्यांत कापला जातो. तक्ता असा कापला की गट क्रमांक एका तुकड्यात आणि रक्कम दुसऱ्यात जाते. शिवाय रकान्यांची शीर्षके पहिल्याच तुकड्यात राहतात, त्यामुळे पुढच्या तुकड्यातील ‘४५’ हे क्षेत्र की वय, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून एक ओळ म्हणजे एक नोंद, प्रत्येक नोंदीत शीर्षके पुन्हा, आणि सोबत पान क्रमांक व मूळ प्रतिमेतील जागा. शोधणाऱ्याला निकालाशेजारी मूळ ओळीचे चित्र दिसले, तर उरलीसुरली चूक ज्याची जमीन आहे तोच दाखवून देतो. ‘ऱ्या’ लिहिण्याच्या दोन संगणकीय रीती आणि देवनागरी-रोमन आकडे यांचा मेळही इथेच घालावा. मूळ वाचन मात्र जसेच्या तसे जपावे.

किती तपासले म्हणजे पुरे?

नियमांत न बसणारी प्रत्येक ओळ माणसाने पाहायची. म्हणजे अनुक्रमांक तुटला, गुणाकार चुकला, नावापुढे आकडा नाही किंवा गट गावाच्या यादीत नाही, अशी. नियमांत बसलेल्या ओळींतूनही ३०० ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून, संगणकाचे उत्तर न दाखवता, मूळ पानावरून दोघांनी टंकाव्यात. त्यांत एकही चूक निघाली नाही, तर एकूण चुकलेल्या ओळी एक टक्क्याहून जास्त नाहीत, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. दहा हजार ओळींच्या यादीत हा एक टक्का म्हणजे तरीही शंभर ओळी. पैशांच्या यादीसाठी तो जास्त वाटत असेल तर नमुना वाढवावा लागतो. तीन हजार ओळी निर्दोष निघाल्या तर मर्यादा दहा ओळींवर येते आणि खर्च दहापट होतो. तो खर्च झेपत नसेल तर यादीचे चित्र तेवढे शोधासाठी ठेवावे आणि रक्कम मजकूर म्हणून दाखवूच नये.