पायवाटेचा अर्ज

गेल्या पावसाळ्यात तिगावाकडील काही पालकांनी ग्रामपंचायतीस द्यावयाच्या एका अर्जाचा मसुदा आम्हांस वाचावयास दिला. वस्तीतून शाळेकडे जाणारी जुनी पायवाट शेजारच्या एका गृहस्थाने हळूहळू आपल्या अंगणात घेतली होती. आधी तेथे पऱ्हाट्यांचा ढीग पडला, मग गुरांसाठी छप्पर आले आणि अखेर दगडी कुंपण उभे राहिले. मुलांना आता मोठ्या रस्त्याने वळसा घालून, धावत्या गाड्यांच्या कडेने शाळेत जावे लागते. गाऱ्हाणे खरे होते. परंतु मसुद्यात ‘दादागिरी’, ‘राजकीय वरदहस्त’, ‘कठोर कारवाई’ हे शब्द होते आणि वाट किती रुंद होती, ती कोठे लिहिलेली आहे, हे मात्र कोठेच नव्हते. असा अर्ज वाचून सरपंच सहानुभूती दाखवितात आणि कागद फायलीत जातो. म्हणून त्या मंडळींसह आम्ही जे केले, ते येथे सांगतो.

पहिला प्रश्न असा की, ही वाट कोणाची? महाराष्ट्रातून आलेले आमचे आप्त लगेच सातबारा आणि तलाठी यांची नावे घेतात. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात, म्हणजे 2023 पर्यंतच्या छिंदवाडा जिल्ह्यात, तेच काम खसरा, गावनकाशा आणि पटवारी यांच्याकडे असते. येथे पूर्वी मालगुजारी होती. 1950 च्या कायद्याने ती संपविली, तेव्हा शासनाकडे गेलेल्या हक्कांच्या यादीत विहिरी, तलाव, गावठाण यांच्याबरोबर ‘पायवाटा’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे मालगुजाराच्या हक्कातली गावची वाट आज कोणा शेजाऱ्याची नव्हे, आणि ती वाटून देण्याचा अधिकार सरपंचांनाही नाही.

गावात कोणत्या वाटा वहिवाटीच्या आहेत, हे ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात नोंदविलेले असते. पुष्कळांनी हे नावही ऐकलेले नसते. आम्ही पालकांना प्रथम पटवाऱ्याकडे पाठविले आणि तीन गोष्टींच्या नकला मागावयास सांगितल्या: गावनकाशाचा तो तुकडा, वाटेच्या दोन्ही बाजूंच्या जमिनींचा खसरा, आणि वाजिब-उल-अर्जातील वाटांची नोंद. येथे एक सावधगिरी हवी. लहान पायवाट कित्येकदा नकाशावर नुसत्या तुटक रेषेने दाखविलेली असते. तिला स्वतंत्र खसरा क्रमांक नसतो. म्हणून ‘क्रमांक नाही, तेव्हा वाट नाही’ असे कोणी म्हटले, तर ते मान्य करू नये. वाजिब-उल-अर्ज उघडून पाहावे.

सुदैवाने येथे नोंद सापडली. मग दोन माणसांनी फिता धरून मोजणी केली. दोन्ही टोकांस वाट अजून आठ फूट रुंद होती. मधल्या साठ फुटांच्या पट्ट्यात उरली होती जेमतेम दोन फूट, आणि तीही छपराच्या पाण्याने चिखलाची. ही मोजणी घरची असल्याने ती पुरावा नव्हे. परंतु पंचायतीला नेमके काय पाहावयाचे आहे, ते तिने कळते. अर्जाचा मजकूर शेवटी असा झाला:

‘आमच्या वस्तीतून शाळेकडे जाणारी पायवाट गावाच्या वाजिब-उल-अर्जात नोंदविलेली आहे, नक्कल सोबत जोडली आहे. सुमारे साठ फुटांच्या भागात छप्पर व दगडी कुंपण आल्याने आठ फुटांची वाट दोन फुटांवर आली आहे. त्यामुळे मुले मोठ्या रस्त्याने जातात. कृपया पटवाऱ्यासमक्ष व संबंधित गृहस्थांसमक्ष मोजणी करून पंचनामा करावा, त्यांना अडथळा काढण्यास लेखी मुदत द्यावी, आणि हा विषय पुढील ग्रामसभेत घ्यावा. कोणासही दंड व्हावा अशी आमची मागणी नाही. वाट मोकळी व्हावी एवढीच आहे.’

शेवटचे वाक्य आम्ही आग्रहाने घातले. ज्याने कुंपण घातले तो उद्याही शेजारीच राहणार आहे. त्याचीही मुले त्याच शाळेत जातात. दंडाची भाषा आली की तो गृहस्थ भाऊबंदांना घेऊन उभा राहतो, आणि वाटेचा प्रश्न गटांचा होतो. अर्जावर सह्या वाट वापरणाऱ्यांच्याच घेतल्या, हिंदीत एक प्रत तयार केली, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घेतली. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता, असे पुढे ठरू शकते.

पंचायतीला हे करण्याचा अधिकार आहे काय? आहे. मध्यप्रदेशाच्या 1993 च्या पंचायत राज अधिनियमात सार्वजनिक रस्त्यावरील व मोकळ्या जागेवरील अडथळे काढण्याची तरतूद आहे. पंचायत कचरली, तर तहसीलदाराकडे जावे: 1959 च्या भू-राजस्व संहितेचे कलम 133 त्याला मान्य वाटेवरील अडथळा काढावयास सांगण्याचा, आणि न काढल्यास स्वतः काढून खर्च वसूल करण्याचा अधिकार देते. ‘निधी नाही’ हे उत्तर मिळाल्यास याच राज्यातील रतलामची गोष्ट आठवावी. तेथील रहिवाशांनी तुंबलेल्या, घाण रस्त्याविरुद्ध दाद मागितली. नगरपालिकेने पैशांची अडचण पुढे केली. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ती सबब फेटाळली.

तथापि वाचकांनी एक मर्यादा ध्यानी ठेवावी. वाट जर दप्तरात कोठेच नसेल आणि खासगी शेताच्या धुऱ्यावरून जात असेल, तर प्रकरण वेगळे. संहितेचे कलम 131 नोंद नसलेल्या वाटेचा वाद सोडविते खरे, पण ते शेतकऱ्याच्या शेतात वा चराईच्या जमिनीत जाण्यासाठी आहे. शाळेच्या वाटेला ते सहजी लागू पडत नाही. तेथे जुन्या वहिवाटीचा हक्क दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि त्यास वर्षे लागतात. अशा वेळी शेतमालकाशी बोलून धुऱ्यालगत चार फुटांची पट्टी लेखी मिळविणे अधिक शहाणपणाचे. म्हणून पटवाऱ्याकडची फेरी अर्जाच्या आधी, नंतर नव्हे.

या प्रकरणात मोजणीच्या दिवशी पंचांसमक्ष कुंपणाची रेषा वाटेत आलेली दिसली, आणि त्या गृहस्थांनी कुंपण मागे घेण्याचे कबूल केले. छपरासाठी त्यांनी पिके घरी येईपर्यंतची मुदत मागितली. पालकांनी ती दिली, परंतु पंचनाम्यात तारखेसह लिहवून घेऊनच. तोंडी मुदत दरवर्षी एका हंगामाने वाढते.

वाट मोकळी झाल्यावर पालकांनी आणखी एक गोष्ट केली, ती आम्हांस फार आवडली. दोन्ही कडांना मापाचे दगड पुरले आणि मध्ये मुरूम पसरला. ज्या वाटेची कड दिसत नाही, तिच्यावर पहिला पऱ्हाट्यांचा ढीग पडावयास वेळ लागत नाही. त्या ढिगाच्या वेळीच कोणी बोलले असते, तर अर्जाची गरज पडली नसती. परंतु शेजाऱ्याला तोंडावर काही म्हणणे जड जाते, हेही आम्ही जाणतो. आमच्याही दारासमोरच्या बोळात एकेकाळी असाच एक ढीग होता, आणि आम्हीही गप्पच राहिलो होतो.